फायनल इयर प्रोजेक्टचं काम चौघांत नीट कसं वाटायचं: करार, कामाची शीट आणि व्हायव्हापर्यंतच्या पायऱ्या

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ग्रुप प्रोजेक्ट असतो, तीन-चार जणांचा ग्रुप, एक गाइड, मधे दोन-तीन रिव्ह्यू, शेवटी ब्लॅक बुक आणि एक्सटर्नलसमोर व्हायव्हा. कुणी त्याला बीई प्रोजेक्ट म्हणतं, कुणी मेजर प्रोजेक्ट, कुणी कॅपस्टोन. प्रोजेक्टचा विषय कसा निवडायचा यावर सगळे सल्ले देतात पण काम कसं वाटायचं हे कुणीच सांगत नाही, आणि भांडणं तर विषयावरून कधीच होत नाहीत, ती "मीच सगळं केलं" यावरूनच होतात. मी यातून गेलोय आणि नंतर ज्युनिअर ग्रुप्सना पण हे बसवून दिलंय, तर जे खरंच उपयोगी पडतं ते क्रमाने लिहितो.

समजायला एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. कांदा चाळीत साठवलेल्या कांद्याजवळचं तापमान आणि आर्द्रता मोजायची, ईएसपी३२ बोर्डला डीएचटी२२ सेन्सर जोडायचे, रीडिंग सर्व्हरवर पाठवायचं आणि शेतकऱ्याला मोबाइलवर दाखवायचं. ग्रुप चौघांचा, त्यांना अ, ब, क, ड म्हणू.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

- डिपार्टमेंटने दिलेलं रिव्ह्यूचं वेळापत्रक आणि मार्क कशाला किती आहेत तो कागद (नसेल मिळाला तर गाइडकडून मागून घ्या, मिळतो)
- चौघांची परीक्षा, केटी, प्लेसमेंट, घरचं लग्न वगैरेच्या तारखा
- एक गुगल शीट, चौघांना एडिटचा हक्क
- एक गिट रिपॉझिटरी, चौघांच्या आपापल्या अकाउंटसकट
- रिपोर्टसाठी एक गुगल डॉक, पहिल्या दिवसापासून
- कॉलेजची प्रोजेक्ट डायरी किंवा लॉगबुक
- कराराचं एक पान, प्रिंट काढून सह्या केलेलं

व्हॉट्सॲप ग्रुप असणारच, पण तो फक्त बोलायला. तिथे ठरलेली गोष्ट त्याच दिवशी शीटमध्ये गेली नाही तर ती ठरलीच नाही असं समजा, कारण दोन महिन्यांनी ४००० मेसेजमधून "तूच म्हणाला होतास" शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.

१. आधी तास मोजा, कामं नंतर

प्रत्येकाने खरं सांगायचं, आठवड्याला किती तास देऊ शकतो. खरं म्हणजे खरं. कुणी "मी रोज चार तास देईन" म्हणालं तर तो आकडा लिहू नका, त्याचं कॉलेज, प्रवास, क्लास, गेटचा अभ्यास सगळं वजा करून काय उरतं ते लिहा. बहुतेक जणांचे आठवड्याला सहा तास निघतात, सबमिशनच्या आठवड्यात तेवढेही नाही.

आपल्या उदाहरणात पहिल्या सेमचे १२ आठवडे धरू. चौघे, सहा तास, १२ आठवडे म्हणजे २८८ तास. यातला साधारण पाचवा भाग बाजूला काढून ठेवायचा, कारण सेन्सर खराब निघतो, कुणाला ताप येतो, गाइड रिव्ह्यूमध्ये काहीतरी नवीन सांगतात. म्हणजे ५८ गेले, हातात २३० उरले. माणशी ५७-५८ तास. हाच आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे, भिंतीवर लिहून ठेवा.

याच बैठकीत न हलणाऱ्या तारखा पण लिहायच्या. आपल्या उदाहरणात सगळ्यात कडक तारीख कॉलेजची नाहीये, कांद्याची आहे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि दिवाळीच्या आसपास चाळी रिकाम्या व्हायला लागतात, म्हणजे खरा डेटा पाहिजे असेल तर सेन्सर सप्टेंबरमध्ये चाळीत लागलेच पाहिजेत, नोव्हेंबरात लावून उपयोग नाही, तिथे कांदाच नसेल. तुमच्या प्रोजेक्टमध्ये अशी तारीख कुठली ते शोधा, ती ज्याच्या कामावर अवलंबून आहे त्याला पहिले सहा आठवडे दुसरं काही द्यायचं नाही.

२. कामांची यादी काढा, न दिसणाऱ्या कामांसकट

आता सगळ्यात कॉमन सापळा. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये वाटणी होते ती अशी: "तू हार्डवेअर, तू सर्व्हर, तू ॲप, तू रिपोर्ट." चार माणसं, चार कामं, ऐकायला एकदम समान. आता याच कामांना तास लावून बघा:

| काम | तास |
|---|---|
| बोर्ड, सेन्सर, वायरिंग, डबा | ४० |
| बोर्डवरचा प्रोग्राम | ३० |
| सर्व्हर आणि डेटाबेस | ४० |
| मोबाइल ॲप | ४० |
| चाळीत बसवणं, फेऱ्या, डेटा आणणं | ३० |
| टेस्टिंग | १५ |
| रिपोर्ट | २५ |
| पीपीटी आणि डेमो | १० |

"हार्डवेअर" म्हणून ज्याला दिलं त्याच्या गळ्यात बोर्ड, प्रोग्राम आणि चाळीच्या फेऱ्या तिन्ही पडतात, १०० तास. सर्व्हरवाला ४०, ॲपवाला ४०. "रिपोर्ट"वाल्याकडे रिपोर्ट आणि पीपीटी मिळून ३५. आणि टेस्टिंगचे १५ तास कुणाचेच नाहीत, ते शेवटच्या रात्री ज्याला झोप येत नाही तो करतो. इथे कुणी कामचुकार नाहीये, वाटणीच वाकडी आहे, आणि तीन महिन्यांनी हार्डवेअरवाला भडकतो तेव्हा बाकीच्यांना खरंच कळत नाही की याला झालंय काय.

तासांचा अंदाज एकट्याने लावायचा नाही. प्रत्येक कामाला चौघांनी न बोलता आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि एकदम उघडायचा. कुणी १० लिहिले आणि कुणी ४०, तर त्या दोघांनीच आधी बोलायचं, कारण एकाला काहीतरी माहितीये जे दुसऱ्याला नाही. बहुतेक वेळा ४० वाल्याने ते काम आधी केलेलं असतं.

न दिसणारी कामं विसरू नका. पार्ट आणायला पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणं म्हणजे अर्धा दिवस जातो, त्याचे चार तास यादीत पाहिजेत. गाइडची वेळ घेणं, डायरीवर सही घेणं, मीटिंगचं लिहून काढणं, बाइंडिंगवाल्याकडे दोन चकरा, हे सगळं एकाच गुणी माणसावर जाऊन पडतं आणि त्याला कधीच मोजलं जात नाही. वरच्या तक्त्यात मी ते त्या-त्या कामात धरलंय, बाइंडिंग रिपोर्टमध्ये, खरेदी बोर्डच्या ओळीत. तुम्ही वेगळी ओळ केली तरी चालेल.

३. वाटणी: प्रत्येकाला एक मोठं काम, आणि थोडं थोडं सगळ्यातलं

नियम साधा आहे. प्रत्येकाकडे एक काम असं पाहिजे ज्याचा तो मालक आहे, म्हणजे ते अडकलं तर आवाज त्याने द्यायचा. आणि रिपोर्ट कधीच एकाला द्यायचा नाही, ज्याने जे बनवलं त्याचा भाग त्यानेच लिहायचा. उदाहरणातली वाटणी अशी निघते:

- अ: बोर्ड आणि वायरिंग ४०, चाळीच्या फेऱ्या १०, रिपोर्टचा आपला भाग ७. एकूण ५७
- ब: बोर्डवरचा प्रोग्राम ३०, चाळीच्या फेऱ्या २०, रिपोर्ट ६, पीपीटी २. एकूण ५८
- क: सर्व्हर ४०, टेस्टिंग ८, रिपोर्ट ६, पीपीटी ४. एकूण ५८
- ड: ॲप ४०, टेस्टिंग ७, रिपोर्ट ६, पीपीटी ४. एकूण ५७

टेस्टिंग करताना क ने ॲप तपासायचं आणि ड ने सर्व्हर, स्वतःचं स्वतः नाही. याचा फायदा व्हायव्हाला होतो, खाली येईलच.

मी रिपोर्ट एकाला द्यायच्या इतक्या विरोधात का आहे ते सांगतो. ज्याला "तू रिपोर्ट बघ" म्हटलं तो अडीच महिने मोकळा असतो, मग सगळे त्याला तो काही करत नाही म्हणतात, मग शेवटच्या दहा दिवसांत तो एकटा रात्री जागून दुसऱ्यांच्या कामाबद्दल अंदाजाने लिहितो आणि व्हायव्हाला एक्सटर्नलने सर्किटवर प्रश्न विचारला की त्यालाच उत्तर येत नाही. चूक त्याची नसते आणि मार्क मात्र त्याचेच जातात.

४. "झालं" म्हणजे काय ते आधी लिहा

"सर्व्हर झालाय का?" "हो, झालाय." आणि मग कळतं की झालाय म्हणजे बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर चालतो, दुसऱ्याच्या नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे एका वाक्यात लिहायचं की काय दिसलं की ते झालं धरायचं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी बघून सांगता आलं पाहिजे.

ब चं काम घ्या. "बोर्डवरून रीडिंग सर्व्हरला जातं" हे वाक्य कुचकामी आहे. असं लिहा: दर १० मिनिटांनी रीडिंग, सलग २४ तास, म्हणजे १४४ नोंदी यायला पाहिजेत, त्यातल्या किमान १३५ टेबलमध्ये दिसल्या तर झालं, आणि क ने ते मोजून शीटमध्ये टिक करायची. आता यात वादाला जागाच नाही. १३५ कशाला, तर चाळीत वायफाय किंवा हॉटस्पॉट मधेच जातो, १४४ पैकी १४४ मागाल तर काम कधीच संपणार नाही.

५. करार: एक पान, जास्त नाही

करार शब्दाने काही जणांना राग येतो, "आपण मित्र आहोत यार, सह्या कशाला." मित्र आहात म्हणूनच. गोष्टी बऱ्या चालू असताना लिहिलेलं वाचायला कुणाला त्रास होत नाही. पहिल्या आठवड्यातच करा, कारण एकदा कुणी मागे पडलं की त्यानंतर लिहिलेला प्रत्येक नियम त्या एका माणसाविरुद्ध वाटतो.

मजकूर साधारण असा:

> १. प्रत्येकजण आठवड्याला ६ तास देईल. कमी जमणार असेल तर ४८ तास आधी ग्रुपला सांगेल. कारण सांगायची सक्ती नाही, किती तास कमी आणि कधी भरून काढणार हे सांगायचं.
> २. मीटिंग दर बुधवारी ५ वाजता, ४० मिनिटं. न येणारा त्या आधी शीट भरेल.
> ३. ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला २४ तासांत उत्तर. "बघतो, शुक्रवारी सांगतो" हे पण उत्तर आहे.
> ४. मतभेद झाला तर त्या कामाचा मालक ठरवेल. दोन कामांत अडकलेली गोष्ट असेल तर मतदान, २-२ झालं तर गाइड.
> ५. खर्च समान. ३०० रुपयांवरची खरेदी ग्रुपला विचारून, बिलाचा फोटो शीटमध्ये.
> ६. सलग दोन आठवडे पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर: आधी समोरासमोर बोलणं, मग कामाची फेरवाटणी लेखी, मग दोन आठवड्यांनी गाइडकडे चौघांनी मिळून जाणं.
> ७. पेपर पाठवला तर नावांचा क्रम कशावर ठरेल ते आत्ताच लिहिणं. कोड चौघांचा, रिझ्युमेवर प्रत्येकाने फक्त स्वतःचा भाग लिहायचा.

यात सहावं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेटवरून उचललेल्या नमुन्यांत नेमकं तेच गुळमुळीत असतं, "सर्वजण जबाबदारीने वागतील" वगैरे. कोण, किती दिवसांनी, काय करणार हे नसेल तर ते कलमच नाही. आणि शिक्षा लिहू नका, "१०० रुपये दंड" तर अजिबात नको, लोक दंड भरून मोकळे होतात आणि काम तसंच राहतं.

सातवं पण पहिल्या आठवड्यातच. पेपर लिहून झाल्यावर पहिलं नाव कुणाचं यावरून जे होतं ते बघवत नाही. सोपा मार्ग म्हणजे ज्याने पेपरचा पहिला मसुदा लिहिला त्याचं पहिलं नाव, बाकीचे शीटमधल्या तासांच्या क्रमाने.

सह्या झाल्या की एक फोटो गाइडना पाठवा, परवानगी मागायला नाही, त्यांना माहीत असावं म्हणून. पुढे कधी त्यांच्याकडे जावं लागलं तर ती तक्रार न वाटता ठरलेली पायरी वाटते, हा फरक फार मोठा आहे.

६. गिट आधी नीट लावा, नाहीतर आकडे खोटं बोलतील

कोड असलेल्या प्रोजेक्टमध्ये कुणी काय केलं याची नोंद गिट आपोआप ठेवतं, पण फक्त सेटिंग बरोबर असेल तर. पहिल्याच दिवशी चौघांनी आपापल्या लॅपटॉपवर हे करायचं:

```
git config --global user.name "YOUR NAME"
git config --global user.email "you@example.com"
```

ईमेल तोच जो गिटहबच्या अकाउंटला जोडलेला आहे. लॅबच्या पीसीवर हे करायचं असेल तर `--global` काढा आणि रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये जाऊन चालवा, नाहीतर तुमच्यानंतर त्या पीसीवर बसणाऱ्याचं काम तुमच्या नावावर जाईल, आणि तुमच्या आधी बसलेल्याच्या नावावर तुमचं.

दोघं एका लॅपटॉपवर बसून लिहीत असाल, आणि हॉस्टेलला हे रोज होतं, तर सगळं श्रेय लॅपटॉपच्या मालकाला जातं. त्यासाठी कमिटच्या मेसेजखाली एक ओळ मोकळी सोडून हे लिहायचं:

```
Co-authored-by: NAME <email@example.com>
```

आणि दर पंधरवड्याला मोजताना हे चालवा, याने सहलेखक पण मोजले जातात:

```
git shortlog -sn --no-merges --since=2.weeks --group=author --group=trailer:co-authored-by HEAD
```

आता सावधगिरी. हा आकडा कमिटच्या संख्येचा आहे, कामाचा नाही. कुणी दिवसाला दहा बारीक कमिट करतं, कुणी आठवड्याचं एक. ओळी मोजल्या तर त्याहून वाईट, कारण `package-lock.json` किंवा एखादी आख्खी लायब्ररी फोल्डरमध्ये टाकली की एका मिनिटात हजारो ओळी नावावर येतात. म्हणून गिटचा आकडा तुलनेसाठी कधीच वापरू नका, फक्त "या पंधरवड्यात या माणसाचं काहीतरी आलंय का" एवढंच बघायला वापरा.

आणि काही कामं गिटला दिसतच नाहीत. अ दोन संध्याकाळी बसली, सिरीयल मॉनिटरवर डीएचटी२२ चं रीडिंग सारखं `nan` येत होतं, प्रोग्राम बदलून पाहिला, केबल बदलली, दुसरा सेन्सर लावला, शेवटी कळलं की सुट्या सेन्सरच्या डेटा पिनला १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर लावायचा राहिला होता. रेझिस्टर लावला, रीडिंग सुरू. कोडच्या ओळी शून्य, गिटमध्ये काहीच नाही, आणि हे झालं नसतं तर बाकी तिघांचं काम तिथेच थांबलं असतं. याची नोंद शीटमध्ये हवी: सर्किटचा आधीचा-नंतरचा फोटो आणि दोन ओळी.

रिपोर्टच्या गुगल डॉकमध्ये पण हाच सापळा आहे. Version history मध्ये कुणी काय टाइप केलं ते दिसतं, पण चौघांनी वर्डमध्ये लिहून एकाने पेस्ट केलं तर सगळं त्या एकाच्या नावावर. आपापल्या अकाउंटवरून थेट डॉकमध्येच लिहा.

७. कामाची शीट, आठवड्याला दहा मिनिटं

शीटला सहा रकाने पुरतात: तारीख, कोण, काय केलं, तास, पुरावा, कुणी बघितलं. पुरावा म्हणजे लिंक किंवा फोटो, कमिटची लिंक, डॉकच्या भागाची लिंक, चाळीतला फोटो, बिल. एक ओळ अशी दिसते:

"१० सप्टेंबर, ब, चाळीत दोन डबे बसवले, एक दाराजवळ एक मधल्या थरात, ५ तास, फोटो, अ ने बघितलं."

बुधवारच्या मीटिंगच्या आधी प्रत्येकाने भरायचं आणि मीटिंगमध्ये फक्त ती शीट उघडून वाचायची. महिन्याने आठवून भरायला घेऊ नका, महिन्याने सगळ्यांनाच आपण खूप केल्यासारखं वाटतं आणि ते खोटं पण नसतं, स्वतःचं काम आठवतं तसं दुसऱ्याचं आठवत नाही एवढंच. प्रोजेक्ट डायरी पण याच शीटवरून भरा, म्हणजे डायरीत एक आणि खरं दुसरंच असं होत नाही.

तास लोक फुगवतात का? थोडे फुगवतात. म्हणून पुराव्याचा आणि "कुणी बघितलं"चा रकाना आहे. तास आणि पुरावा जुळत नसेल, म्हणजे ८ तास लिहिलेत आणि लिंकमध्ये एका बटणाचा रंग बदललाय, तर तिथेच विचारा, शांतपणे, "यात काय अडलं होतं?" बऱ्याचदा खरंच अडलेलं असतं आणि मदत लागत असते.

८. मधे एकदा आणि शेवटी एकदा गुण वाटा

सहाव्या आठवड्याला आणि सेमच्या शेवटी हे करायचं. प्रत्येकाने आपल्याजवळचे १०० गुण बाकीच्या तिघांत वाटायचे, स्वतःला नाही, आणि प्रत्येक आकड्यापुढे शीटमधली एखादी ओळ कारण म्हणून लिहायची. इंग्लंडच्या लफबरो युनिव्हर्सिटीत तयार झालेलं वेबपीए नावाचं सॉफ्टवेअर साधारण अशाच तत्त्वावर चालतं, त्यात ग्रुपचे मार्क आणि सहकाऱ्यांचे गुण मिळून प्रत्येकाचे मार्क काढतात. आपल्याला सॉफ्टवेअर लागत नाही, कागद पुरतो.

आपल्या ग्रुपचे सहाव्या आठवड्याचे समजा असे आले: अ ने ब ला ३५, क ला ४०, ड ला २५. ब ने अ ला ४०, क ला ३५, ड ला २५. क ने अ ला ३८, ब ला ३७, ड ला २५. ड ने ३३, ३३, ३४. बेरीज केली की अ १११, ब १०५, क १०९, ड ७५. सरासरी कायम १०० येते, म्हणून वाचायला सोपं.

९० ते ११० च्या मधलं सगळं सारखंच समजा, त्यात १०५ आणि १०९ यावर वाद घालू नका. अ ची १११ म्हणजे तिच्यावर थोडं जास्त पडतंय. ७५ मात्र बघायला हवं. पण लगेच निकाल लावायचा नाही, शीटशी ताडून बघायचं. गुण कमी आणि तास-पुरावा पण कमी, तर प्रश्न खरा आहे. गुण कमी पण पुरावे बाकीच्यांएवढेच, तर तिघांनी एकाला बाजूला टाकलंय किंवा त्याचं काम बाकीच्यांना दिसत नाहीये, तेव्हा त्या तिघांशी बोलायला हवं.

एक मर्यादा नीट समजून घ्या. आपल्याकडे मार्क गाइड आणि एक्सटर्नल देतात, तुमच्या कागदाने ते आपोआप बदलत नाहीत. गाइडनी विचारलं तर दाखवा, आणि त्यांनी वापरायचं ठरवलं तर अर्धंच वजन द्या असं सुचवा, म्हणजे ग्रुपचे मार्क ८० असतील तर ४० सगळ्यांना सारखे आणि बाकीचे ४० गुणाकाराने. ड ला ४० अधिक ४० गुणिले ०.७५ म्हणजे ७० पडतात, अ ला ८४.४. पूर्ण वजन दिलं तर ड थेट ६० वर जातो, आणि चार जणांच्या मतांवर एवढी मोठी दरी करणं मला बरोबर वाटत नाही.

९. कुणी मागे पडलं तर

ड चंच पुढे नेऊ. सहा आठवड्यांत बाकीच्यांचे २८ च्या आसपास तास झालेत, ड चे १४. बुधवारी समोर बसून विचारलं तर कळलं की प्लेसमेंटचं ट्रेनिंग रोज संध्याकाळी सात वाजेपर्यंत चालू आहे, आणि ॲपमध्ये लॉगिनच्या स्क्रीनवर तो अडकलाय ते त्याने सांगितलं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, वेळ कमी आणि काम अडलेलं, आणि उपाय पण दोन लागतात.

काम आधी लहान करा. शेतकऱ्याला दोन आकडे आणि एक आलेख बघायचाय, त्याला लॉगिन कशाला, ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान पुरतं. ॲपचे ४० तास २६ वर आले, १४ कमी. पण मग ड चं एकूण ५७ वरून ४३ होतं, बाकीच्यांवर अन्याय. म्हणून तिघांकडचे मिळून रिपोर्टचे ८ तास, म्हणजे आकृत्यांची मांडणी, संदर्भांची यादी, बाइंडिंगच्या चकरा, ड कडे दिले. अ कडून २, ब आणि क कडून प्रत्येकी ३. आता तिघं ५५-५५ वर आणि ड ५१ वर. त्याचे १४ झालेत, ३७ उरले, सहा आठवडे, म्हणजे आठवड्याला साधारण सहा तास, त्याने पहिल्या दिवशी कबूल केले होते तेवढेच. हे सगळं शीटमध्ये तारखेसकट लिहून चौघांनी "मान्य" टाइप करायचं.

जे करू नका ते म्हणजे गपचूप त्याचं काम उचलून पूर्ण करणं. एखाद्या हुशार माणसाला रात्रीत ॲप बनवून टाकायचा मोह होतोच. त्याने डेमो वाचतो, पण ड ला कळतच नाही की काही बिघडलं होतं, गाइडना पुरावा दिसत नाही आणि करणाऱ्याचा राग आत साठत राहतो. खरंच वेळ नसेल आणि करावंच लागलं तर आधी शीटमध्ये लिहा, मग करा.

फेरवाटणीनंतरही दोन आठवडे रकाना रिकामाच असेल तर गाइडकडे जा, ड ला सोबत घेऊन. करार, शीट आणि फेरवाटणीची ओळ एवढंच पुढे ठेवा, स्वभावाबद्दल बोलू नका. आणि लवकर जा. आठव्या-नवव्या आठवड्यात गाइड काहीतरी करू शकतात, सबमिशनच्या आदल्या दिवशी ते फक्त ऐकून घेऊ शकतात. एक अपवाद, आजारपण किंवा घरची अडचण असेल तर या पायऱ्या लावायच्या नाहीत, तेव्हा काम कमी करून तिघांत जेवढं बसतं तेवढं ठेवा आणि गाइडना पहिल्या दिवशीच कळवा.

१०. व्हायव्हाच्या आधीचे दोन आठवडे

एक्सटर्नल बहुतेक वेळा दोनच प्रकारचे प्रश्न विचारतात, "तू यात काय केलंस" आणि मग मुद्दाम दुसऱ्याच्या भागातलं काहीतरी. पहिल्यासाठी प्रत्येकाने शीट आपल्या नावाने फिल्टर करून आपली मोठी चार-पाच कामं एका पानावर काढायची. "मी हार्डवेअर बघितलं" म्हणण्यापेक्षा "मी दोन डबे बनवले आणि पुलअपची अडचण शोधली" हे उत्तर वेगळंच ऐकू येतं, आणि त्यावरचा पुढचा प्रश्न पण तुम्हाला येणाराच असतो.

दुसऱ्यासाठी अदलाबदल करा. क ने ड च्या लॅपटॉपशिवाय पान चालू करून दाखवायचं, ड ने सर्व्हर, अ ने ब चा प्रोग्राम बोर्डवर चढवायचा, ब ने वायरिंग कागदावर काढायचं. जिथे कुणी अडलं तिथे त्या कामाच्या मालकाने समजावून सांगायचं आणि रीडमीमध्ये ती पायरी घालायची. प्रत्येक जोडीला दोन तास पुरतात, आणि हे तास सुरुवातीला बाजूला काढलेल्या ५८ मधून घ्या.

ब्लॅक बुकच्या शेवटी एक पान "कोणी काय केलं" असं जोडा, गाइडना विचारून. त्यात टक्के लिहू नका, २५-२५-२५-२५ लिहिलेलं कुणी खरं मानत नाही. कामाचं नाव आणि पुढे मुख्य कोण, मदत कोण, एवढंच. शीटची एक प्रत पीडीएफ करून चौघांनी आपल्याकडे ठेवा आणि रिपॉझिटरी गिटहबवरच्या एका ऑर्गनायझेशनमध्ये हलवून तिचे मालकी हक्क चौघांनाही द्या, कारण कॉलेजचा ईमेल बंद झाला की ज्याच्या एकट्याच्या अकाउंटवर ती आहे त्याच्या मागे बाकीच्यांना फिरावं लागतं, आणि तोपर्यंत इंटरव्ह्यूला लिंक दाखवायची वेळ आलेली असते.